ताईंच्या मंडळाला नकार

गादीला खोळ अर्धीच चढली होती. एक कोपरा सिस्टरच्या दातांत, दुसरा गुडघ्याखाली, आणि मधली गादी पोटुशी म्हैस बसावी तशी फुगून बसलेली. खुर्चीत बसलेल्या नवऱ्याने खोळीची मोकळी कड डाव्या हातात घट्ट धरली होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. गेल्या वर्षी झटका आला तेव्हापासून तो हात आणि जीभ, दोघांनीही एकदमच राजीनामा दिला होता.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. कडी वाजवण्याच्या तऱ्हेवरूनच सिस्टरला कळलं की नणंदबाई आल्या. बाकी माणसं कडी वाजवतात, नणंदबाई ती जाब विचारल्यासारखी आपटतात.

आज गुरुवार नव्हता. नणंदबाई यायच्या त्या गुरुवारी, दुपारी, भावाशेजारी बसायला. तेवढ्या वेळात सिस्टर बाजार करी, औषधं आणी, आणि उरलेच तर प्रार्थनागृहात मागच्या बाकावर डोळे मिटून बसे. आठवड्यात निवांत घराबाहेर पडायची तिची तेवढीच एक वेळ. आणि तिच्या नवऱ्याला हसू फुटायचं, तेही तेवढ्याच दुपारी. हे दोन्ही एकाच माणसाच्या येण्यावर टांगलेलं होतं, आणि त्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं.

"दार उघडंच ठेवत जा," नणंदबाई आत येत म्हणाल्या. "घरात आजारी माणूस आहे. कुणाला धावत यायचं झालं तर?"

"उघडं ठेवलं तर मांजर येतं, ताई."

"मांजर येतं आणि माणूस येत नाही, असं झालंय खरं तुमच्या घराचं." त्या पलंगाच्या कडेला, नेमक्या अर्ध्या चढवलेल्या खोळीवर बसल्या. पिशवीतून त्यांनी जाड कागदावरचा, पत्रिकेचा एक नमुना काढला. "बघ. परवा छापायला जातंय."

नणंदबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मंडळ काढलं तेव्हापासून त्याच. दरवर्षी निवडणूक होई, आणि दरवर्षी दुसरं कुणी उभं राहत नसे, कारण उभं राहण्यासाठी खुर्ची रिकामी लागते आणि ती कायम नणंदबाईंच्या खाली असे. यंदा मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. नमुन्यावर सोनेरी वेलबुट्टीत लिहिलं होतं, प्रमुख व्याख्यान, घरातल्या आजारी माणसाची सेवा. खाली वक्त्याच्या जागी सिस्टरचं नाव. आणि त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत, विशेष उपस्थिती म्हणून तिच्या नवऱ्याचं.

सिस्टरने ते दोनदा वाचलं. "ताई, मला विचारलं नाहीत."

"आता विचारतेच आहे की. घरच्या माणसाला काय आमंत्रण घेऊन जायचं? इतकी वर्षं दवाखान्यात राबलीस, इतक्या जणांची दुखणी काढलीस, कुणी दोन शब्द बोलायला बोलावलं का? मी बोलावते आहे."

हे खरं होतं. सिस्टरला आख्खी गल्ली सिस्टर म्हणे, पोरंसोरं आणि दूधवालासुद्धा. सलाईनची सुई एका खेपेत लागावी तर तिच्या हातची, असं डॉक्टरही म्हणत. पण बोलणं हा तिचा प्रांत नव्हता. वॉर्डात ती चार शब्दांत काम उरकायची. घरात तिच्या वाटचं बोलायला नवरा होता. तो बसचा कंडक्टर, आवाज असा की डेपोत ओरडला तर पुलावरची माणसं रांगेत उभी राहत. देवाने एकाच घरात दोन आवाज कशाला द्यायचे, असं ती हसून म्हणायची. आता त्या आवाजाचं काय झालं ते देवालाच ठाऊक.

"आणि यांचं नाव कशाला?"

"अगं, तेच तर मुख्य." नणंदबाईंचा चेहरा उजळला. त्या भावाकडे वळल्या. "बाळ, म्हण रे. पाण्याची टाकी..."

झटक्यानंतर त्याला साधं पाणी मागता येत नव्हतं. पाणी हा शब्द डोक्यात असे, तोंडाशी येई आणि तिथेच अडे. पण त्याच्या बसच्या मार्गावरचे थांबे ओळीने म्हणायला सांगितले की जीभ आपोआप सुटे. पाण्याची टाकी, जुना पूल, कचेरी, मुलींची शाळा, दवाखाना, गिरणी, डेपो. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, जन्मभर घोकलेली गोष्ट वेगळ्या कप्प्यात राहते. त्यातला एकटा थांबा काढून म्हणायला सांगा, येणार नाही. दर गुरुवारी हा बहीणभावांचा खेळ चाले. तो थांबे म्हणे, आणि शेवटचा डेपो आला की नणंदबाई टाळी वाजवून म्हणत, "उतरा हो मंडळी." तो पोट धरून हसे.

आज त्याने तोंड उघडलं नाही.

"स्टेजवर खुर्चीत बसवू," नणंदबाई सांगत होत्या. "तू दहा मिनिटं बोलायचंस, कसं उठवते, कसं भरवते, आणि मग हा थांबे म्हणेल. लोकांच्या डोळ्यांत पाणी नाही आलं तर मी अध्यक्षपद सोडीन."

ते ऐकताना नवऱ्याच्या डाव्या हाताने खोळ अशी खेचली की नणंदबाईंच्या बुडाखालून ती सरकली. त्या तोल सावरत उठल्या. "चार," तो म्हणाला. "चार, चार, चार." नको म्हणायचं होतं. निघाला तो चार. मग त्याने मान भिंतीकडे वळवली.

"बघ, किती खूश झालाय," नणंदबाई म्हणाल्या.

सिस्टरने खोळ उचलली आणि झटकली. "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत सांगते."

"सांगायचं काय त्यात? तारीख ठरली, हॉल ठरला, खुर्च्यांचा विसार दिला. आता तू मागे सरलीस तर मंडळात माझं तोंड कुठे राहील?" पिशवीची नाडी आवळत त्यांनी आवाज खाली आणला. तसा त्यांचा आवाज खाली गेला की माणसाने सावध व्हावं. "आणि माझं तोंड राहिलं नाही, तर गुरुवारी ते घेऊन मी इथे कशी येऊ, ते तूच सांग."

त्या गेल्या. दार उघडंच ठेवून गेल्या. मांजर आत आलं.

दुपारी सिस्टरने नवऱ्यासमोर स्टूल ओढलं. त्यांच्यात एक खूण ठरलेली होती, डावा अंगठा वर म्हणजे हो, मूठ आवळली म्हणजे नाही. प्रश्न एका वेळी एकच विचारायचा आणि उत्तराला वेळ द्यायचा. ज्याच्या घरी असा माणूस आहे त्यालाच कळेल की हे किती अवघड आहे. आपण विचारतो आणि त्याच्या वतीने आपणच बोलून मोकळे होतो.

"स्टेजवर याल?"

मूठ.

"तुम्ही घरी, मी एकटी जाऊन तुमच्याबद्दल बोलू?"

मूठ, आणि ती खुर्चीच्या हातावर आपटली.

"ताईंसमोर घरात थांबे म्हणायचे, ते चालतं?"

आधी त्याने दाराकडे पाहिलं. मग अंगठा वर.

"म्हणजे ताई हव्यात. लोक नकोत."

अंगठा वरच राहिला.

घरचं झालं थोडं, अशातली गत. नाही म्हणायचं तर होतंच. पण असं म्हणायचं की मंडळाचा कार्यक्रम उघडा पडू नये, नणंदेची मान खाली जाऊ नये, नवऱ्याची लाज चव्हाट्यावर येऊ नये आणि गुरुवार हातचा जाऊ नये. आयुष्यभर तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, साहेब, हा पेशंट तुम्हाला झेपत नसेल तर कुणाला झेपेल ते आधी बघा, मग वरच्याला कळवा. नुसता नकार म्हणजे पेशंट व्हरांड्यात ठेवून निघून जाणं. तोच नियम आता तिला स्वतःला लावायचा होता.

झेपेल असं माणूस एकच होतं. आणि ते माणूस सिस्टरचं तोंडही बघत नव्हतं.

तिला सगळे बारा नंबर म्हणत. बारा नंबरच्या वॉर्डात तिने अर्धा जन्म काढला होता. सिस्टरबरोबरच ती नोकरीला लागली, पण वरच्यांनी तिला कायम बदली म्हणूनच वापरलं. कुणाची रजा, जा बारा नंबर. कुणाचं बाळंतपण, जा बारा नंबर. मुख्य सिस्टरची जागा निघाली तेव्हा ती मिळाली आपल्या सिस्टरला. तेव्हापासून दोघींत बोलणं नव्हतं. पण बोलण्यात ती तलवार होती, आणि आईला तिने घरी इतकी वर्षं अंथरुणावर सांभाळलं की म्हातारीच्या पाठीवर शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. हे दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

नाव पुढे करायचं ते विचारून करायचं. न विचारता करणं म्हणजे नणंदबाईंनीच आत्ता केलं ते. शेजारच्या बाईला दारात बसवून सिस्टर तशीच निघाली.

बारा नंबर तिसऱ्या मजल्यावर राहायची. गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. सिस्टरला बघून तिने झारी खाली ठेवली नाही.

"कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही."

"मग तू कशी?"

सिस्टरने उभ्याउभ्याच सांगितलं. मंडळ, तारीख, विषय. नवऱ्याचं काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली की यंदा आपल्याला जमणार नाही आणि या विषयावर बोलावं तर बारा नंबरनेच.

झारीतून कुंडी भरून पाणी खाली गळायला लागलं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. बारा नंबरने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"म्हणजे पुन्हा बदली."

"नाही."

"तू आजारी पडलीस, बारा नंबर जा. तुझ्या मुलीचं लग्न, बारा नंबर जा. आता तुला भाषण नको, तर बारा नंबर जा. उष्टं ताट पुढे सरकवतेस आणि वर म्हणतेस, जेव."

"ताटाला मी हात लावलेला नाही. छापायला जायच्या आधी आले आहे."

"का? एवढं काय अडलं तुझं?"

सिस्टरने पदर सावरला. बारा नंबर तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेने तिने आयुष्यभर माणसांचे ताप ओळखले होते.

"नवरा," ती म्हणाली.

सिस्टरने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

"बरं, नको सांगूस." झारी शेवटी खाली टेकली. "माझ्या दोन अटी. मंडळाने मला त्यांच्या तोंडाने बोलावलं पाहिजे. तुझ्या तोंडाने नाही. आणि कुठेही, कागदावर की माइकवर, तुझ्या जागी मी असं आलं, तर मी स्टेजवरून सरळ घरी येईन. खुर्च्या तशाच राहतील."

"कळवते."

"आणि हे तुझ्यावर उपकार म्हणून करत नाही."

"माहीत आहे."

"मला चहा करायला सांगू नकोस."

"मी मागितलाही नाही," सिस्टर म्हणाली आणि जिना उतरली.

रात्रीचं जेवण आवरून ती पत्र लिहायला बसली. पहिलं पत्र फार लांबलं. त्यात नवऱ्याची तब्येत होती, तिची कंबर होती, शेजारीण कायम सापडत नाही हे होतं. वाचून तिने ते फाडलं. वॉर्डातला अनुभव आठवला. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर उपाय घेऊन येतो. कंबर दुखते म्हणावं तर नणंदबाई गाडी पाठवतील, शेजारीण नाही म्हणावं तर दोन मुली बसवतील. आणि दहा कारणं दिली की एकही खरं वाटत नाही. आभार, नकार, दुसरं नाव, पुढची वेळ, बस्स.

दुसरं पत्र मंडळाच्या चिटणीसबाईंच्या नावे होतं, कारण बोलावणं मंडळाचं, नणंदेचं नव्हे.

"सप्रेम नमस्कार. मंडळाच्या पंचविसाव्या वर्षी मला बोलावलंत, हा माझा मोठा मान समजते. यंदाच्या या व्याख्यानाला मात्र मी येऊ शकणार नाही. हे ठरवूनच कळवते आहे, तरी पत्रिकेतून माझं आणि माझ्या घरच्यांचं नाव छपाईपूर्वी काढावं. या विषयावर ऐकावं अशी व्यक्ती माझ्या माहितीत एक आहे," आणि पुढे बारा नंबरचं नाव, पत्ता. "त्यांनी आईची सेवा स्वतः केली आहे आणि त्या उत्तम बोलतात. त्यांच्याशी बोलले आहे. मंडळाने त्यांना त्यांच्या मानाने स्वतंत्र आमंत्रण द्यावं, कुणाच्या ऐवजी म्हणून नव्हे. पुढे महिनाअखेर एखादी दुपार मंडळाला सोयीची असेल तर स्टेज आणि भाषण सोडून, अंथरुणातल्या माणसाला कूस कशी बदलायची, खालची चादर कशी काढायची, एवढं मी दहा-बारा जणींना हाताने करून दाखवीन. तुमच्या कार्यक्रमाला मनापासून शुभेच्छा."

सकाळी शेजारणीला घटकाभर बसवून, पत्र चिटणीसबाईंकडे टाकण्याआधी ती नणंदबाईंच्या घरी गेली. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर तो अपमान, आपल्या तोंडून कळलं तर ते निदान भांडण. भांडण मिटवता येतं.

नणंदबाई दिवाणखान्यात बसल्या होत्या. समोर पत्रिकांची पाकिटं पसरलेली, बाजूला डिंकाची बाटली. सिस्टरने पत्र हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या आणि पुन्हा वर आल्या.

"घरातल्या घरात पत्र," त्या म्हणाल्या. "चिटणिसाच्या नावे."

"बोलावणं मंडळाचं होतं, ताई."

"आणि ही कोण? ती तिसऱ्या मजल्यावरची? जिभेला हाड नाही तिच्या. दवाखान्यात डॉक्टरच्या तोंडावर बोलली होती."

"तशीच बोलेल. लोक झोपणार नाहीत."

"माझ्या भावाचं नाव काढायला लावतेस. माझा भाऊ आहे तो. तू येण्याआधीपासूनचा."

सिस्टरच्या तोंडाशी आलं की त्याला विचारा, तुम्ही विचारलंत कधी. पण ते त्याचं होतं, तिचं नव्हतं. त्याने मूठ आवळली ती तिच्यासमोर. पोटातली गोष्ट ओठांवर आणायचा हक्क तिला नव्हता.

"यंदा नको," ती एवढंच म्हणाली.

"यंदा नको, पुढे करीन. सुंठीवाचून खोकला गेला, तुझा." नणंदबाईंनी पत्राची घडी केली आणि परत तिच्याकडे सरकवली. "दे जा चिटणिसाला. मी काही मंडळाची मालकीण नाही. आणि गुरुवारी माझी वाट बघू नका."

गुरुवार आला. नवरा दुपारपासून दाराकडे तोंड करून बसला. सिस्टरने सांगितलं होतं, ताई आज यायच्या नाहीत. त्याने ऐकलं नाही की मानलं नाही. चार वाजता शेजारणीने कडी वाजवली. वाटीभर साखर मागायला आली होती. तिला पाहताच त्याने समोरची कपबशी डाव्या हाताने ढकलून दिली. चहा भिंतीपर्यंत गेला.

"मी घालवलं नाही त्यांना," सिस्टर फडकं फिरवत म्हणाली. "तुम्ही मूठ आवळलीत, मी निरोप पोचवला."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जसं विनातिकीट माणसाकडे बघावं. मग तो आपलाच थांबे म्हणायला लागला. पाण्याची टाकी, जुना पूल, कचेरी. गिरणीपर्यंत आला आणि थांबला. डेपो म्हटलाच नाही. उतरवणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी ना औषधं आली, ना बाजार झाला. शेजारीण वाटी घेऊन गेली ती परत बसायला आलीच नाही. सिस्टरने देवासमोर हात जोडले पण काही मागितलं नाही. मागायला एकच गोष्ट होती आणि ती देवाकडे नव्हती, नणंदेकडे होती.

मंडळाचा कार्यक्रम रविवारी झाला. सिस्टर गेली नाही. चिटणीसबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आलेल्या भाजीच्या गाडीवर भेटल्या आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून त्यांनी सगळं सांगितलं.

पत्रिकेवर बारा नंबरचं नाव नीट छापलं होतं, आमंत्रणही चिटणीसबाईंनी स्वतः जाऊन दिलं. पण ओळख करून द्यायला नणंदबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमच्या वहिनी आज येऊ शकल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या ऐवजी... हॉल भरलेला. बारा नंबर उठली. चिटणीसबाईंना वाटलं, गेली आता. पण तिने माइक हातात घेतला. म्हणाली, मी कुणाच्या ऐवजी नाही. माझ्या आईच्या उशाशी इतकी वर्षं मी होते, तेव्हा माझ्या ऐवजी कुणी आलं नाही. ऐकायचं असेल तर बसा.

"मग?"

"मग काय, कुणी उठेना. असं झापलं सगळ्यांना. सून, लेक, मुलगा, कुणाला सोडलं नाही. नंतर प्रश्न विचारायचे होते तर एकीने विचारलं, आमचे सासरे पाहुण्यांसमोर छान श्लोक म्हणून दाखवतात, बाकी काही आठवत नाही, तर तेवढं म्हणवून घ्यावं ना? तर ती म्हणाली, माझ्या आईला सगळे येणारे गाणं म्हणायला लावायचे. मलाही वाटायचं, तिला आवडतं. मग एक दिवस पाहुणे येणार म्हटल्यावर तिने चादर तोंडावर ओढून घेतली. आजारी माणूस खेळ नव्हे. हौस तुमची असेल तर आधी त्याला विचारा, आणि त्याला बोलता येत नसेल तर जास्तच विचारा." चिटणीसबाईंनी जुडी पिशवीत टाकली. "अध्यक्षबाई पहिल्या रांगेत होत्या. नंतर आभार मानायला उठल्याच नाहीत. मलाच मानावे लागले."

सिस्टर भाजी न घेताच घरी आली. आता नणंदबाई म्हणणार, तूच पढवलंस तिला. आणि ते खोटं कसं ठरवायचं, ते तिला सुचेना.

पुढच्या गुरुवारी कडी आपटली.

नणंदबाई आत आल्या आणि बसल्या नाहीत. "तूच पढवलंस तिला."

"नाही, ताई."

"भर हॉलमध्ये, माझ्याकडे बघून."

"तिला मी यांच्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. तिच्या आईचं मलाही ठाऊक नव्हतं. देवाची शपथ."

"देवाला मधे घालू नकोस, तो काही साक्षीला येणार नाही." त्यांनी भावाकडे पाहिलं. तो पाहत होता. कधीपासून पाहत होता. नणंदबाईंनी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर बसल्या. पहिल्यांदाच त्यांनी आधी तोंड न उघडता क्षणभर वाट पाहिली.

"बाळ. तुला स्टेजवर यायचं नव्हतं?"

डावा अंगठा वर गेला, आणि ती खूण नणंदबाईंनाही कळली. हो, नव्हतं.

"मग मला का नाही..." त्या थांबल्या. तो सांगणार कसा, हे त्यांच्या त्यांनाच कळलं. चष्मा काढून त्यांनी तो पदराने पुसला, आणि जरा जास्तच वेळ पुसला. "आणि हिने मला सांगितलं नाही. मुखदुर्बळ कुठली."

"सांगायचं ते त्यांनी," सिस्टर म्हणाली.

"तू गप्प बस. तुझ्याशी मी अजून बोलत नाही."

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. आत नवऱ्याचा आवाज लागला. बसचा आवाज, जरा घोगरा. पाण्याची टाकी. जुना पूल. कचेरी. मुलींची शाळा. दवाखाना. गिरणी. मग तो थांबला. डेपो त्याने बहिणीसाठी ठेवला होता. सिस्टरने भिंतीला पाठ टेकली.

"पुढे चला," तो म्हणाला. स्पष्ट. कंडक्टरचेच शब्द, त्याच कप्प्यातून आलेले, पण वेळेवर आलेले. "पुढे चला, पुढे चला."

"डेपो," नणंदबाई म्हणाल्या. "उतरा हो मंडळी."

टाळी वाजली नाही. पण तो हसला, आधी नुसता श्वास, मग आवाजासकट.

जाताना नणंदबाई दाराशी थांबल्या. सिस्टरकडे न बघता, चपलेत पाय घालत त्या बोलल्या.

"ती तुझी पुढची तारीख. मंडळाने घेतली आहे. महिनाअखेरची, दुपारी. बारा जणींची नावं आली. ती तिसऱ्या मजल्यावरचीही येणार म्हणते, तू चादर चुकीची काढतेस असं तिचं म्हणणं आहे."

"येऊ दे."

"स्टेज नाही, माइक नाही, हार नाही. पलंग मंडळाचा. मेणकापड तुमचं तुम्ही आणा, मंडळ देणार नाही." दुसरी चप्पल सापडेना, मांजर तिच्यावर बसलं होतं. त्यांनी त्याला पायाने बाजूला केलं. "आणि त्या दिवशी बाळाजवळ मी बसेन. तुझ्यासाठी नाही."

त्यांनी या वेळी दार लावून घेतलं.

गुरुवारची दुपार अजून उरली होती, पण नवऱ्याजवळ बसायला आता कुणी नव्हतं. म्हणजे बाजाराचं काम उद्या सकाळीच करायचं, शेजारीण घटकाभर येऊन बसेल तेवढ्या वेळात. दोन हात मेणकापड आणायचं होतं.